नोंदवहीतली जूनची तारीख

"चार महिन्यांपूर्वी एका कंपनीच्या करार विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. जुन्या करारांचे गोषवारे काढायचं काम दिलंय. वरिष्ठ सारखे सांगतात, 'रिन्यूअलची तारीख नीट बघ.' पण तारीख करारात लिहिलेलीच असते, ती बघून उतरवायची, यात चुकण्यासारखं काय आहे? आणि समजा एखादी तारीख उलटून गेलेली सापडली, तर माझ्यासारख्याने काय करायचं? कुणी घडलेला प्रसंग सांगितला तर बरं होईल."

ती लिहिलेली नसते, गोची तिथेच आहे. एका कलमात मुदत असते, दुसऱ्यात ती कधीपासून मोजायची ते असतं. करार पुढे चालू ठेवायचा नसेल तर नोटीस किती दिवस आधी द्यायची हे तिसरीकडे, आणि नोटीस पोचली असं कधी धरायचं हे पार शेवटच्या, कुणी न वाचणाऱ्या पानावर. हे चार तुकडे जोडून तारीख आपल्याला काढावी लागते. एक तुकडा चुकीचा उचलला की उत्तर चुकतं, आणि कागदावर ते बरोबर उत्तराइतकंच नीटनेटकं दिसतं.

प्रसंग मागितला आहे म्हणून एक सांगते. मी तेव्हा करार विभागाची प्रमुख होते. जुनी कागदी नोंदवही बंद करून सगळे करार संगणकावर घ्यायचं काम चाललं होतं आणि त्यासाठी प्रत्येक कराराचा दोन पानी गोषवारा काढायचा होता. हाताखाली एक मुलगा होता, नोकरीला लागून तीन महिने झालेले. हळू काम करायचा. इतर लोक दिवसाला सहा-सात करार उरकायचे, हा दोन. मी त्याला त्यावरून एकदा टोकलंही होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

२१ जानेवारी २०२५ ला, मंगळवारी दुपारी, तो एक जाडजूड फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि नुसताच उभा राहिला. "मॅडम, याची मुदत कुठून मोजायची?"

फाइल होती यंत्रांच्या देखभालीच्या कराराची. पुरवठादार आमच्या यंत्रांची ठरावीक काळाने तपासणी करणार, सुटे भाग बदलणार, आम्ही दर तिमाहीला पैसे देणार. जुना, रुळलेला करार. कुणाचं भांडण नाही, कुणाची तक्रार नाही. असल्याच करारांकडे कुणी बघत नाही.

नोंदवहीत त्याची ओळ अशी होती: करार दिनांक ९ जून २०१४, मुदत पाच वर्षे, नंतर आपोआप तीन-तीन वर्षे, नोटीस ९० दिवस. पुढे पेन्सिलीने लिहिलेलं, 'चालू मुदत ८ जून २०२५ ला संपते, नोटीस १० मार्चच्या आत'. गणित बरोबर होतं. ८ जूनपासून ९० दिवस मागे मोजले की १० मार्च येतो. म्हणजे आमच्या हातात अजून दीड महिना होता. आणि या वेळी नोटीस द्यायची हे ठरलेलंही होतं, कारण ती यंत्रं त्याच वर्षाअखेर काढून टाकायची होती. फेब्रुवारीच्या शेवटी पत्र पाठवू, असं कारखान्याच्या व्यवस्थापकांशी बोलणं झालेलं होतं.

त्या मुलाने मूळ करार उघडून माझ्यापुढे ठेवला. पहिल्या पानावर पहिलीच ओळ: 'हा करार दि. ९ जून २०१४ रोजी करण्यात आला.' नोंदवही भरणाऱ्याने ती उचलली होती, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण रकान्याचं नावच 'करार दिनांक' होतं. पण मुदतीचं कलम म्हणत होतं की करार 'प्रभावी दिनांकापासून' पाच वर्षे अमलात राहील. आणि दोन पानं मागे, व्याख्यांमध्ये, 'प्रभावी दिनांक म्हणजे १८ मार्च २०१४'.

सह्या जूनमध्ये आणि करार लागू मार्चपासून, हे विचित्र वाटेल, पण असं सर्रास होतं. यंत्रं बसली की देखभाल लगेच सुरू करावी लागते. कागद मात्र दोन्हीकडच्या वकिलांच्या टेबलांवर फिरत राहतो. शेवटी सही होते तेव्हा काम सुरू झाल्याची तारीख मागे जाऊन प्रभावी दिनांक म्हणून घातली जाते. उलटंही होतं: सही आधी, आणि मुदत सुरू होते ती जागेचा ताबा मिळाल्यावर किंवा चाचणी पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर. तशा करारात प्रभावी दिनांक करारात सापडतच नाही, तो त्या दाखल्यावर असतो, आणि दाखला कुठल्या तरी तिसऱ्याच फाइलला लावलेला असतो.

"तुला शंका कशी आली?" मी विचारलं. मला वाटलं होतं तो व्याख्या वाचल्याचं सांगेल. त्याने वेगळंच सांगितलं. गोषवाऱ्याच्या आमच्या नव्या फॉर्ममध्ये प्रत्येक नोंदीपुढे 'कुठून घेतलं' असा रकाना होता, कलम क्रमांक लिहायचा. बाकीचे लोक तो रकाना शेवटी एकदम भरायचे. हा आधी भरायचा. मुदतीपुढे कलम लिहिताना त्याला 'प्रभावी दिनांक' हे शब्द ठळक टाइपात दिसले. करारात ठळक किंवा अवतरणात छापलेला शब्द म्हणजे त्याचा अर्थ दुसरीकडे दिला आहे असं समजायचं, एवढं त्याला माहीत होतं. पण व्याख्येतली तारीख बघूनही त्याला खात्री वाटेना. एवढी वर्षं नोंदवही चुकीची कशी असेल? म्हणून त्याने फाइलला लावलेली बिलं काढली. प्रत्येक तिमाहीचं बिल १८ तारखेला सुरू होऊन १७ ला संपत होतं. १८ मार्च ते १७ जून, १८ जून ते १७ सप्टेंबर. अकरा वर्षांत एकही बिल ९ तारखेपासूनचं नव्हतं.

हे मी आजही शिकवते. करारातला शब्द संदिग्ध वाटला तर बिलांचे कालावधी बघावेत. दोन्ही पक्ष प्रत्यक्षात कुठली तारीख धरून चालले आहेत ते बिलं सांगतात. बिल म्हणजे करार नव्हे, शब्द स्पष्ट असेल तर शब्दच चालतो. पण नोंदवही आणि बिलं यांची तारीख जुळत नसेल तर नोंदवही तपासायची वेळ आली आहे, एवढं नक्की.

मग आम्ही दोघांनी कागदावर मांडलं. १८ मार्च २०१४ पासून पाच वर्षं, म्हणजे १७ मार्च २०१९. पुढची तीन वर्षं १७ मार्च २०२२ पर्यंत, त्यापुढची तीन १७ मार्च २०२५ पर्यंत. तिथून ९० दिवस मागे: १७ डिसेंबर २०२४. आज २१ जानेवारी. तारीख पाच आठवड्यांपूर्वी उलटून गेली होती आणि आम्ही फेब्रुवारीची वाट बघत होतो. करार १७ मार्चनंतर आपोआप आणखी तीन वर्षं चालू राहणार होता, यंत्रं भंगारात गेली तरी.

मुलाचा चेहरा उतरला. जणू चूक त्याचीच होती.

आता इथे थोडं थांबते, कारण १७ डिसेंबर हेही खरं उत्तर नाही. कलमात शब्द होते 'किमान ९० दिवस आधी'. 'किमान' म्हणजे मधले पूर्ण ९० दिवस मोकळे हवेत, की दोन टोकांपैकी एक दिवस धरला तरी चालेल, यावर वकील लोक अर्धा दिवस वाद घालू शकतात. गोषवारा काढणाऱ्याने त्या वादात पडू नये. एक दिवस आधीची तारीख धरावी, १६ डिसेंबर. मग नोटिशीचं कलम. त्यात होतं की नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि पाठवल्यानंतरच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी ती पोचली असं मानायचं. शनिवार-रविवार कामकाजाचे दिवस नाहीत. १६ डिसेंबर २०२४ हा सोमवार. तिसरा दिवस सोमवार यायचा तर दुसरा शुक्रवार, पहिला गुरुवार, आणि पत्र टपालात टाकायचं बुधवारी, ११ डिसेंबरला. म्हणजे पाकीट ज्या दिवशी दाराबाहेर पडायला हवं तो दिवस ११ डिसेंबर, आणि गोषवाऱ्यात सगळ्यात ठळक हाच लिहायला हवा. संगणकावर, स्प्रेडशीटमध्ये, हे दोन ओळींत होतं:

```
=DATE(2025,3,17)-91
=WORKDAY(DATE(2024,12,16),-3)
```

दुसऱ्या सूत्रात सुट्ट्यांची यादी दिली नाही तर ते फक्त शनिवार-रविवार वगळतं, हे लक्षात ठेवा. आणि '९० दिवस' असेल तिथे 'तीन महिने' मोजू नका. या करारात दोन्ही उत्तरं योगायोगाने सारखी येतात, कारण १७ डिसेंबर ते १७ मार्च हे बरोबर ९० दिवस आहेत. पण फेब्रुवारी २९ दिवसांचा असला की तेच ९१ होतात. नोंदवहीतल्या चुकीच्या तारखेने बघा: ८ जूनच्या तीन महिने आधी ८ मार्च, आणि ९० दिवस आधी १० मार्च. दोन दिवसांचा फरक. या कामात दोन दिवस पुष्कळ असतात.

पुन्हा त्या दुपारकडे. तो मुलगा म्हणाला, "मी नोंदवही दुरुस्त करतो, आणि पुरवठादाराला लगेच मेल टाकूया का, की आम्हाला पुढे चालू ठेवायचं नाही?" दोन्ही सूचना स्वाभाविक होत्या आणि दोन्ही मी थांबवल्या.

नोंदवहीतली जुनी ओळ खोडायची नाही. ती चुकीची आहे, पण कुणी कधी काय समजून चाललं होतं याचा तो पुरावा आहे, आणि पुढे वाद झालाच तर रातोरात बदललेली नोंद फार वाईट दिसते. खाली नवी ओळ घालायची, आजची तारीख, सही, आणि कुठल्या कलमावरून ती काढली ते. जुन्या ओळीपुढे 'खालची नोंद पाहा' एवढंच.

आणि मेल तर मुळीच नाही. उशिरा पाठवलेल्या पत्रात माणूस घाईने काय लिहितो? 'आमच्या नजरचुकीमुळे नोटीस वेळेत देता आली नाही.' झालं. समोरच्याला कदाचित अजून पत्ताच नसेल की तारीख उलटली आहे, आणि आपणच ते लिहून दिलं. लिपिकाने बाहेर काहीही पाठवायचं नाही. त्याने एक पानाचं टिपण लिहायचं, कायदा सल्लागारांच्या नावाने, त्याच दिवशी. त्यात फक्त दिसलेलं लिहायचं: अमुक कलम असं म्हणतं, नोंदवही असं म्हणते, बिलं अशी आहेत, या हिशेबाने नोटिशीची तारीख ही येते. 'आपण हक्क गमावला', 'निष्काळजीपणा झाला' असली वाक्यं नकोत. ते ठरवणं आपलं काम नाही, आणि असे कागद पुढे कुणाच्या हाती पडतील सांगता येत नाही. वकिलाकडे सल्ल्यासाठी लिहिलेल्या कागदाला अनेक ठिकाणी गोपनीयतेचं संरक्षण मिळतं, इकडे-तिकडे फिरवलेल्या मेलला ते मिळेलच असं नाही. म्हणून टिपण एका ठिकाणी जावं, दहा जणांना प्रत जाऊ नये.

कारखाना आणि हिशेब विभागालाही मी फोन करून एवढंच सांगितलं की या करारावर पुढचे काही दिवस पुरवठादाराशी काही लिहू-बोलू नका, नवी ऑर्डर देऊ नका. आपण पुढच्या मुदतीचं काही मान्य केल्यासारखं वागलो की नंतर 'आम्ही नूतनीकरण मानलं नव्हतं' हे म्हणायला जागा उरत नाही.

टिपण लिहायच्या आधी मात्र एक काम होतं, आणि तेच खरं मेहनतीचं. मी त्याला म्हटलं, "तू मूळ करार वाचलास. आता त्याचं सगळं कुटुंब वाच." करार कधी एकटा नसतो. त्याला पूरक करार असतात, परिशिष्टं असतात, 'आपल्या चर्चेनुसार' अशी सुरू होणारी पत्रं असतात, आणि त्यातलं कुठलंही पत्र मुदत किंवा नोटिशीचे दिवस बदलून गेलेलं असू शकतं. निम्म्या वेळा उलटलेली तारीख उलटलेली नसतेच, मधल्या एखाद्या पत्राने ती पुढे ढकललेली असते. म्हणून सगळं वाचल्याशिवाय 'मिस झाली' हा शब्द उच्चारायचा नाही.

तो संध्याकाळी उशिरापर्यंत बसला. पहिला पूरक करार २०१७ चा, त्यात फक्त दोन यंत्रं वाढवलेली. दुसरा ऑगस्ट २०२१ चा, दरांचा. मुदतीला, नोटिशीला दोघांनी हात लावलेला नव्हता, शेवटी नेहमीचं वाक्य: 'मूळ कराराच्या इतर अटी कायम राहतील.' म्हणजे तारीख खरंच गेली होती. पण दुसऱ्या पूरक करारात एक वाक्य होतं, जे कुठल्याच नोंदीत नव्हतं. पुढच्या प्रत्येक नूतनीकरणाआधी पुरवठादाराने सुधारित दरपत्रक मुदत संपण्याच्या किमान १५० दिवस आधी लेखी द्यायचं. दिलं नाही तर पुढच्या मुदतीत जुनेच दर चालू राहतील.

१७ मार्च २०२५ च्या १५० दिवस आधी म्हणजे १८ ऑक्टोबर २०२४. दरपत्रक खरेदी विभागाच्या फाइलला होतं, आवक शिक्का ५ नोव्हेंबरचा. अठरा दिवस उशीर. आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'दर १८ मार्च २०२५ पासून लागू'.

ते बघून मला हसावं की रडावं कळेना. खरी तारीख नोव्हेंबरपासून आमच्याच इमारतीत, एक मजला खाली, कागदावर छापलेली पडून होती. खरेदीतल्या माणसाला दर दिसला, तारीख दिसली नाही. त्याने शिक्का मारून फाइलला लावलं. त्याने ते आमच्याकडे पाठवलं असतं आणि कुणी '१८ मार्च का?' असं विचारलं असतं, तर नोटिशीला पाच आठवडे हातात होते. तेव्हापासून पुरवठादाराकडून येणारं प्रत्येक दरपत्रक आमच्याकडे एकदा फिरून जातं.

दुसऱ्या दिवशी टिपण सल्लागारांकडे गेलं. त्यांचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे रुक्ष होतं: नोटीस उशिरा, कलम स्पष्ट, दोन कंपन्यांमधल्या करारात 'माहीत नव्हतं' याला किंमत नाही. काही देशांत आपोआप नूतनीकरणाआधी ग्राहकाला आठवण द्यावी लागते असा नियम आहे, पण तो मुख्यतः घरगुती ग्राहकांसाठी. व्यापारी करारात बहुधा कागदावर आहे तेच चालतं.

त्या मुलाने तेव्हा एक चांगला प्रश्न विचारला. कुठेतरी त्याने वाचलं होतं की न्यायालयाने नोटिशीतली तारखेची चूक माफ केली होती. ते खरं आहे. इंग्लंडमधला मनाई इन्व्हेस्टमेंट विरुद्ध ईगल स्टार हा १९९७ चा निकाल. भाडेकरूला तिसऱ्या वर्षपूर्तीला, १३ जानेवारी १९९५ रोजी, भाडेपट्टा संपवता येत होता, त्यासाठी सहा महिने आधी नोटीस हवी. त्याने नोटिशीत १२ जानेवारी लिहिलं. मालक म्हणाला, नोटीस रद्द. हाउस ऑफ लॉर्ड्सने ती ग्राह्य धरली, कारण भाडेकरूला काय म्हणायचं आहे हे समजूतदार मालकाला कळण्यासारखंच होतं. पण दोन गोष्टी बघा. एका दिवसाच्या चुकीसाठी प्रकरण सर्वोच्च पायरीपर्यंत गेलं आणि तिथेही निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. आणि त्याची नोटीस वेळेत पोचलेली होती, चूक नोटिशीच्या आतल्या मजकुरात होती. आमची नोटीस निघालीच नव्हती. तो निकाल आमच्या कामाचा नव्हता.

कामाचं होतं ते दरपत्रक. सल्लागारांनी सांगितलं, याने करार संपणार नाही, पण बोलायला बसायला कारण मिळेल. पुरवठादाराने त्याची तारीख चुकवली, आपण आपली. त्याच्या बाजूने बघा: तीन वर्षं जुन्या दराने काम करायचं, आणि तेही पहिल्या वर्षानंतर अशा यंत्रांवर जी जागेवर असणारच नाहीत. त्यालाही हे फारसं गोड नव्हतं.

पत्र सल्लागारांनीच लिहिलं, सर्व हक्क अबाधित ठेवून, आमच्या चुकीचा उल्लेख न करता. त्यात यंत्रं काढणार असल्याचं कळवलं आणि दरपत्रक १५० दिवसांच्या आत आलं नव्हतं याकडे लक्ष वेधलं. पंधरा दिवसांत दोन बैठका झाल्या. तडजोड अशी निघाली की नूतनीकरण तीनऐवजी एक वर्षाचं, त्या वर्षाला सुधारित दर आम्ही देऊ, आणि त्यानंतर करार आपोआप पुढे जाणार नाही. फुकट काही सुटलं नाही. डिसेंबरमध्ये एक पाकीट टपालात पडलं असतं तर यातलं काहीच द्यावं लागलं नसतं. पण दोन वर्षं वाचली. आणि ती वाचली ती दुसऱ्या पूरक करारातल्या एका वाक्यामुळे, जे शोधायला तो मुलगा संध्याकाळी थांबला होता.

तुम्हाला हेही विचारावंसं वाटेल की चूक २०१४ पासूनची, तर २०१९ आणि २०२२ ला कुणाच्या लक्षात कशी आली नाही. कारण तेव्हा करार चालू ठेवायचाच होता. चुकीची तारीख त्रास देते ती फक्त बाहेर पडायचं असतं त्या वर्षी. मधली सगळी वर्षं ती नोंदवहीत शांत बसून असते, आणि दर वेळी करार बिनबोभाट पुढे गेला की नोंद बरोबरच आहे असा उलट विश्वास वाढतो. तुम्ही आत्ता काढताय ते जुने करार बहुतेक असेच असतील, म्हणून नोंदवहीतून गोषवाऱ्यात कधीही उतरवू नका. मूळ कागदावरून काढा, आणि मग नोंदवहीशी ताडून बघा. आधी नोंदवही बघितली की डोळा तीच तारीख शोधतो आणि पहिल्या पानावर सापडली की थांबतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही फॉर्ममध्ये 'करार दिनांक' हा रकाना काढून टाकला. त्या जागी दोन आले, 'सही दिनांक' आणि 'प्रभावी दिनांक', आणि दुसऱ्यापुढे कलम किंवा दाखला लिहिल्याशिवाय संगणक पुढे जाऊ देत नाही. नोटिशीच्याही तीन तारखा लिहितो: मुदत संपते ती, नोटीस पोचायला हवी ती, आणि पाकीट बाहेर पडायला हवं ती. आठवण तिसरीची लागते, तीही महिनाभर आधी, कारण 'नोटीस द्यायची का' हे ठरवायलाच मोठ्या कंपनीत तीन आठवडे जातात.

फेब्रुवारीच्या शेवटी तिसऱ्या पूरक कराराचा मसुदा सहीला आला. मी वरवर चाळून पुढे सरकवला. तो मुलगा पाच मिनिटांनी परत आला. पहिल्या पानावर सहीची तारीख मोकळी सोडलेली होती आणि मुदतीच्या कलमात होतं, 'या पूरक कराराच्या दिनांकापासून एक वर्ष'. त्याने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सहीपासून, की १८ मार्चपासून?'

मी मसुदा परत पाठवला. 'दि. १८ मार्च २०२५ ते दि. १७ मार्च २०२६, दोन्ही दिवस धरून' असं लिहून तो आला, तेव्हा सही झाली.